पासवर्ड बदलण्याआधीची दहा मिनिटे

अकाउंट हॅक झाल्याचे लक्षात आले की बहुतेकांचे हात एकाच क्रमाने चालतात. पासवर्ड बदलायचा, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआऊट करायचे, आपल्या नावाने गेलेले पैसे मागणारे मेसेज पुसायचे, संशय येईल ते अ‍ॅप काढून टाकायचे. एवढे झाले की जीव भांड्यात पडतो आणि मग सायबर पोलिसांची आठवण होते. तिथे टेबलापलीकडचा अंमलदार साधेच प्रश्न विचारतो. अकाउंट नेमके कोणते? त्यात दुसरे कोणी शिरले हे कशावरून? आणि किती वाजता? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तक्रारदाराने सकाळच्या घाईत स्वतःच पुसून टाकलेली असतात.

क्रम उलटा हवा. आधी जे दिसते आहे त्याची नोंद करायची आणि मग साफसफाईला हात घालायचा. नोंदीला फार तर दहा मिनिटे लागतात. याला एकच अपवाद आहे. खात्यातून पैसे गेले असतील किंवा जात असतील, तर सगळे बाजूला ठेवून आधी १९३० हा क्रमांक लावावा. चोराने पैसे पुढच्या खात्यात ढकलण्याआधी बँकेला ते रोखता आले, तरच ते परत मिळण्याची आशा असते. तिथे एकेक मिनिट मोलाचे आहे आणि स्क्रीनशॉट थांबू शकतात.

स्क्रीनशॉट म्हणजेच पुरावा, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. अकाउंटमध्ये कोण शिरले याची मूळ नोंद तुमच्या फोनमध्ये नसतेच. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कंपनीला पत्र पाठवून ती मागवतात. पण कोणत्या अकाउंटची, कोणत्या तारखेची आणि कोणत्या वेळेची माहिती हवी, हे त्या पत्रात लिहावे लागते. ते नेमके लिहिता येईल इतकी माहिती तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये हवी. चित्र कितीही स्पष्ट असले आणि त्यात आयडी, तारीख, वेळ नसेल, तर त्याचा उपयोग हळहळण्यापुरताच.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा तक्रारींत जे वारंवार दिसते ते एकत्र करून मांडले आहे.

कोल्हापुरात घरगुती मसाले करणारी एक बाई इन्स्टाग्रामवरून माल विकते. १२ जून २०२५ च्या रात्री तिला मैत्रिणीच्या अकाउंटवरून मेसेज येतो. “ताई, माझं अकाउंट उघडत नाहीये. तुझ्या नंबरवर एक कोड आलाय, तेवढा सांग ना.” मैत्रिणीचे अकाउंट आधीच चोराच्या हातात गेलेले आहे, हे हिला कसे कळावे? ती कोड सांगते. मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे १३ तारखेला, २ वाजून ४ मिनिटांनी तिच्या अकाउंटचा ईमेल बदलला जातो, पाठोपाठ मोबाइल नंबर, आणि मग आयडीच्या शेवटी एक जादा अंडरस्कोर लागतो. सकाळी साडेसातला ती अ‍ॅप उघडते तर लॉगिनचे पान समोर येते. सव्वाआठला एका जुन्या ग्राहक काकूंचा फोन येतो. “अगं, तुझी ती गुंतवणुकीची स्टोरी बघून मी पंधरा हजार पाठवले. मिळाले ना?”

पहिली गोष्ट इथेच ठरते. पैसे काकूंचे गेले आहेत, त्यामुळे १९३० वर फोन काकूंनी स्वतः, त्यांच्या नंबरवरून करायचा. फोनवर बँकेचे नाव, पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारला जातो. म्हणून यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराचे तपशिलाचे पान उघडून ठेवावे. “पैसे गेले” असे सांगणारा बँकेचा एसएमएस पुरत नाही, कारण समोरचा यूपीआय आयडी त्यात असेलच असे नाही. मसाल्यांच्या बाईची तक्रार वेगळी आहे. तिचे अकाउंट बळकावले गेले आणि तिच्या नावाने लोकांना फसवले गेले. गुन्ह्याचा धागा एकच असला तरी तक्रारदार दोन आहेत. दोघींनी एकाच कागदावर सगळे लिहिले, तर पुढे कोणाच्या फोनमधला पुरावा कोणी सिद्ध करायचा याचा गुंता होतो.

आता त्या दहा मिनिटांत काय करायचे ते पाहू. स्वतःच्या फोनवरून ती अकाउंटमध्ये जाऊ शकत नाही, म्हणून बहिणीच्या फोनवरून ते प्रोफाइल उघडायचे. चोराने लावलेली स्टोरी चोवीस तासांत आपोआप नाहीशी होते, त्याला वाटले तर त्याआधीही. इथे सुटे स्क्रीनशॉट घेण्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. आधी फोनवरची तारीख-वेळ दिसू द्यावी, मग प्रोफाइल, बदललेला आयडी, खालच्या जुन्या पोस्ट आणि मग स्टोरी, असे न थांबता जावे. जुन्या पोस्ट दिसणे महत्त्वाचे आहे, कारण हे खोट्या नावाने उघडलेले दुसरे अकाउंट नसून तिचेच अकाउंट आहे, हे त्यावरून कळते. बनावट अकाउंट आणि बळकावलेले अकाउंट यांच्या तपासाची वाट वेगळी असते. पोलीस ठाण्यात पहिल्याच मिनिटाला विचारतात, “ताई, आयडी जुना सांगताय की नवा?” दोन्ही लिहून द्यायचे, जुना आयडी कोणत्या रात्रीपर्यंत होता हेही लिहायचे, आणि प्रोफाइलची लिंक टाइप न करता कॉपी करून ठेवायची. एक अंडरस्कोर निसटला तर पोलिसांचे पत्र तिसऱ्याच माणसाच्या अकाउंटबद्दल जाईल.

स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा ठेवावा. वरची वेळेची पट्टी कापू नये, लाल गोल काढू नये, बाण दाखवू नये. समजावण्यासाठी खुणा करायच्याच असतील तर प्रतीवर कराव्यात. मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि फाइलीसोबतची माहितीही त्यात टिकत नाही. त्यामुळे पाठवायचेच झाले तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे किंवा सरळ पेन ड्राइव्हवर घ्यावे.

यानंतर ईमेलकडे वळायचे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे कंपनीने स्वतः पाठवलेला इशाऱ्याचा मेल. अकाउंटचा ईमेल बदलला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर `security@mail.instagram.com` वरून तसे कळवते, आणि बदल तुम्ही केला नसेल तर तो उलटवण्याची लिंक त्यात असते. ती लिंक लवकर वापरायची असते, म्हणून ताटकळत बसू नये. मेलचा एक स्क्रीनशॉट घ्यावा, पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का ते नीट वाचावे आणि मग लिंक दाबावी. मेल मात्र पुसू नये. चित्रात फक्त मेलचा चेहरा येतो. तो कोणत्या सर्व्हरवरून, कोणत्या क्षणी निघाला याच्या ओळी मेलच्या पोटात असतात. त्या जपण्यासाठी कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडून, मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन `Show original` घ्यावे आणि तिथून मूळ फाइल उतरवावी. बरेच जण हा मेल पोलिसांच्या पत्त्यावर फॉरवर्ड करतात आणि काम झाले असे समजतात. फॉरवर्ड केलेला मेल हा तुम्ही पाठवलेला नवा मेल असतो आणि त्याच्या पोटात तुमचीच नोंद असते.

मेल सापडतच नसेल तर तीही एक खूणच आहे. चोर तुमच्या जीमेलमध्येही शिरलेला असू शकतो. असे लोक आत आले की एक छोटा फिल्टर लावून ठेवतात, म्हणजे इन्स्टाग्रामकडून किंवा बँकेकडून आलेला मेल थेट कचऱ्यात जातो आणि मालकाला काही कळत नाही. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये `Filters and Blocked Addresses` आणि `Forwarding and POP/IMAP` ही दोन पाने उघडावीत. तुम्ही न लावलेला फिल्टर किंवा अनोळखी पत्ता दिसला तर लगेच पुसण्याचा मोह होतो. त्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा. तो अनोळखी पत्ता कदाचित चोराचा या प्रकरणातला एकमेव पत्ता असेल. कचरापेटीही पाहावी, कारण जीमेल पुसलेले मेल तिथे तीस दिवस ठेवते.

जीमेलमध्ये कोण कुठून शिरले हे पाहण्याची एक जागा फार थोड्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरवर इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे `Last account activity` असे लिहिलेले असते आणि त्याखाली `Details`. ते दाबले की अलीकडच्या लॉगिनची यादी उघडते. ब्राउझर होता की मोबाइल, आयपी पत्ता कोणता, वेळ काय, सगळे त्यात असते. पण ही यादी दहाच्या आसपास नोंदींचीच असते. नवीन नोंद आली की सर्वांत जुनी बाहेर पडते. घाबरलेला माणूस घरातल्या प्रत्येक फोनवरून, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पुन्हा पुन्हा लॉगिन करून बघतो आणि प्रत्येक खेपेला चोराची ओळ एकेक पायरी खाली ढकलत नेतो. म्हणून एकाच कॉम्प्युटरवरून एकदा जावे, यादीचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच मजकूर निवडून एका फाइलीत चिकटवूनही ठेवावा. गूगल अकाउंटच्या सुरक्षा पानावरची `Recent security activity` ही यादी जास्त टिकते, पण तीही साधारण अठ्ठावीस दिवसच मागे जाते.

उदाहरणातल्या बाईला मेलमधल्या लिंकमुळे दुपारी अकाउंट परत मिळते असे धरू. इथे दुसरी घाई घात करते. अकाउंट हाती येताच ती “सगळीकडून लॉगआऊट” दाबणार, आणि ते योग्यच आहे, कारण चोर अजून आत असू शकतो. फक्त त्याच्या आधी अर्धा मिनिट काढून अकाउंट्स सेंटरमधले `Where you're logged in` हे पान चित्रित करायचे. त्यात चालू असलेली लॉगिन दिसतात, फोनचे मॉडेल दिसते, अंदाजे गाव दिसते. लॉगआऊट केले की ती ओळ यादीतून जाते. त्याचप्रमाणे चोराने तुमच्या नावाने केलेले संवाद वाचून लाज वाटली तरी पुसू नयेत. कोणाकोणाला काय लिहिले, कोणता यूपीआय आयडी दिला, हे सगळे त्यात असते. अकाउंटमधला बदललेला ईमेल आणि नंबर तुम्ही दुरुस्त करण्याआधी दिसत असेल, तर तोही टिपून ठेवावा.

आता खरी किमती फाइल. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि गूगल तुमची साठवलेली माहिती तुम्हालाच उतरवून देतात. इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये माहिती डाउनलोड करण्याची सोय आहे. तिथे सगळे न मागता सुरक्षा आणि लॉगिनविषयीचा भाग निवडावा आणि फाइलीचा प्रकार `JSON` ठेवावा. अर्ज केला की काही वेळाने फाइल तयार झाल्याचा निरोप येतो. गूगलच्या बाबतीत हे काम `Google Takeout` करते आणि त्यात `Access log activity` नावाचा भाग आहे. स्क्रीनवरच्या यादीत अंदाजे गाव दिसते, तर या फाइलींत आयपी पत्ता आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. पोलिसांना हवे असते ते हेच.

या फाइली वाचताना सर्वांत मोठी चूक वेळेची होते, आणि ती भल्याभल्यांकडून होते. मसाल्यांच्या बाईच्या फाइलीत चोराच्या लॉगिनची वेळ अशी लिहिलेली आहे असे समजा:

```
2025-06-12T20:34:10+00:00
```

वाचणाऱ्याला वाटते, १२ जूनच्या रात्री साडेआठ वाजता. पण शेवटचे `+00:00` सांगते की ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ आहे. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र ओलांडून १३ जूनचे २ वाजून ४ मिनिटे १० सेकंद होतात. तारीखच बदलली. अर्जात “१२ जून, रात्री ८.३४” असे गेले आणि पोलिसांच्या पत्रात तेच उतरले, तर मोबाइल कंपनी त्या वेळी तो आयपी वापरणाऱ्या भलत्याच ग्राहकाचे नाव कळवील. एखाद्या निरपराध माणसाच्या दारात पोलीस उभे राहू शकतात. म्हणून अर्जात दोन्ही वेळा लिहाव्यात, फाइलीतली यूटीसी वेळ जशी आहे तशी आणि शेजारी भारतीय वेळ.

वेळ सेकंदापर्यंत का लागते, याचेही कारण आहे. मोबाइल इंटरनेटवर जुन्या पद्धतीचा, चार आकड्यांच्या गटांचा आयपी पत्ता एकट्याचा नसतो. एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून दिलेला असतो. त्यांतला नेमका कोण हे ठरवायला मोबाइल कंपनीला आयपी, अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक असे तिन्ही लागते. पोर्ट क्रमांक तुमच्या स्क्रीनवर बहुधा दिसत नाही. तो पोलिसांना कंपनीकडून घ्यावा लागतो, पण वेळ बरोबर असली तरच. नव्या पद्धतीचा आयपी लांबलचक असतो, त्यात अक्षरे, आकडे आणि मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे असतात. तो हाताने उतरवून काढला की एक तरी अक्षर चुकते. कॉपी करावा.

आयपीसमोर दिसणाऱ्या गावाच्या नावावरून मात्र कोणावर संशय घेऊ नये. कोल्हापुरात बसून मोबाइल डेटा वापरणाऱ्याचे स्थान मुंबई दिसू शकते, कारण मोबाइल कंपनीची यंत्रणा तिथून बाहेर पडते. यादीत “मुंबई” दिसले म्हणून मुंबईतल्या दिराचे किंवा जुन्या कामगाराचे नाव अर्जात घालणारे लोक असतात. कित्येकदा ते लॉगिन तक्रारदाराचे स्वतःचेच असते. याच कारणासाठी यादीतली आपली लॉगिन वेगळी करून द्यावीत. हा माझा फोन, हा भाच्याचा लॅपटॉप, हे दुकानातले वायफाय, आणि उरलेली ही एक ओळ कोणाचीच नाही. तपास अधिकाऱ्याचे निम्मे काम एवढ्याने होते.

व्हॉट्सअ‍ॅपचे थोडे वेगळे आहे. तिथे दुसऱ्याने तुमचा नंबर त्याच्या फोनवर नोंदवला की तुमच्या फोनवर तशी सूचना येते. तिचा स्क्रीनशॉट घेऊन लगेच आपल्या सिमवर कोड मागवून परत नोंदणी करावी, म्हणजे तो बाहेर फेकला जातो. चोराने दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावे लागते, पण तोही तेवढे दिवस आत राहत नाही. कोड फोन कॉलवरून चोरला असेल तर कॉल फॉरवर्डिंग तपासावे. `*#21#` लावले की तुमचे कॉल कोणत्या नंबरवर वळवले आहेत ते पडद्यावर येते. ते चित्र आधी घ्यावे आणि मग `##002#` लावून फॉरवर्डिंग बंद करावे. उलट केले तर तो नंबर तुमच्या पडद्यावरून गेलाच.

ज्यांना चोराचे मेसेज गेले त्यांना आपण फोन करून सांगतो, “ते पुसून टाका, ते मी पाठवलेलं नाही.” यातले दुसरे वाक्य सांगावे, पहिले सांगू नये. मेसेज त्यांच्या फोनमध्ये राहू द्यावेत. काकूंच्या फोनमधला संवाद काकूंनीच जपायचा आहे, कारण न्यायालयात त्याविषयी त्याच बोलू शकतात. त्यांनी पाठवलेला स्क्रीनशॉट तुमच्या फोनमध्ये आला म्हणून तो तुमचा पुरावा होत नाही.

याचे कायदेशीर मूळ समजून घ्यायला आपल्या जालन्याचाच एक खटला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा दावा कैलास गोरंट्याल यांनी केला. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर त्यांचा बराच भर होता. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण त्यांसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल आला. न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुढे करायची तर प्रमाणपत्र हवेच. ज्या यंत्रात मूळ नोंद आहे ते यंत्रच मालकाने साक्षीत हजर करून दाखवले, तर त्याची गरज नाही. आज भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि प्रमाणपत्राची तरतूद त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो.

सामान्य माणसासाठी यातून दोन गोष्टी निघतात. स्क्रीनशॉट ज्या फोनवर घेतले तो फोन विकू नये, कोणाला देऊ नये आणि “व्हायरस गेला पाहिजे” म्हणून फॅक्टरी रीसेट करू नये. लग्नपत्रिका किंवा ई-चलन म्हणून आलेली एखादी `.apk` फाइल उघडल्याने हे झाले असेल, तर ती फाइलही राहू द्यावी. फोनचे इंटरनेट बंद करून तो बाजूला ठेवावा आणि रोजच्या कामाला दुसरा वापरावा. बहिणीच्या फोनवर रेकॉर्डिंग केले असेल, तर प्रमाणपत्राचा पहिला भाग बहिणीला भरावा लागेल, हे तिला आधीच सांगून ठेवावे.

त्या प्रमाणपत्रात फाइलीच्या हॅशची जागा असते. हॅश म्हणजे फाइलीतल्या संपूर्ण मजकुरावरून गणित करून काढलेली अक्षरांची आणि आकड्यांची माळ. फाइलीत एका टिंबाचा फरक झाला तरी ती पूर्ण बदलते, त्यामुळे आज दिलेली फाइल आणि वर्षाने न्यायालयात उघडलेली फाइल एकच आहे हे दाखवता येते. विंडोज कॉम्प्युटरवर ती काढायला वेगळे काही घ्यावे लागत नाही. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून हे लिहायचे, `export.zip` च्या जागी तुमच्या फाइलीचे नाव घालून:

```
certutil -hashfile export.zip SHA256
```

चौसष्ट अक्षरांची माळ येते. ती अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवावी. हे जमले नाही म्हणून तक्रार अडत नाही, पोलीस आणि तज्ज्ञ ते करतात. पण फाइल तुमच्या हातातून निघतानाच हॅश काढलेली असेल, तर मधल्या काळात कोणी फेरफार केला का, या प्रश्नाला उत्तर तयार असते.

अर्ज लांब लागत नाही. मसाल्यांच्या बाईने एका पानावर वेळापत्रक लिहावे. १२ जूनच्या रात्री कोणाच्या अकाउंटवरून कोड मागितला, १३ जूनला २ वाजून ४ मिनिटांनी ईमेल बदलल्याचा मेल, सकाळी साडेसातला अकाउंट बंद, सव्वाआठला काकूंचा फोन, दुपारी अकाउंट परत. प्रत्येक ओळीसमोर कोणती फाइल तिचा आधार आहे तिचे नाव. फाइलींची नावे `01`, `02` अशी वेळेच्या क्रमाने. सगळे एका पेन ड्राइव्हवर, दुसरी प्रत स्वतःकडे. तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. पोर्टलवरची पोच म्हणजे एफआयआर नव्हे, हे ध्यानात ठेवून तिचा क्रमांक घेऊन ठाण्यात जावे. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली असेल तर नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीन दिवसांत सही केल्यावर ती नोंदवून घेतली जाते. अशा प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६सी आणि ६६डी लागतात. पहिले दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरल्याबद्दल आहे, दुसरे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करतो, त्यामुळे ठाण्यात गेल्यावर तपास कोणाकडे आहे हे विचारून त्यांचे नाव लिहून घ्यावे. फोन तपासणीसाठी ठेवून घेतला तर पंचनाम्याची किंवा जप्तीची प्रत मागावी.

या सगळ्यानंतरही चोर सापडेलच असे नाही. त्याने व्हीपीएन वापरला असेल, किंवा सिम तिसऱ्याच्याच नावावर असेल, तर आयपीची वाट तिथे संपते. मग काकूंचे पंधरा हजार ज्या खात्यात गेले त्या खात्याचा माग जास्त उपयोगी पडतो. म्हणून दोघींनी आपापल्या तक्रारीत दुसरीच्या तक्रारीचा क्रमांक लिहावा, म्हणजे दोन्ही तपास एकमेकांना जोडले जातात.

आणि एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या अकाउंटच्या नोंदणीची माहिती कंपन्यांनी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायची असते. सांगितले तर त्याहून जास्त काळ ठेवावी लागते, पण तसे कोणीतरी सांगावे लागते. १३ जूनपासून १८० दिवस मोजले तर १० डिसेंबर येतो. मसाल्यांच्या बाईने ऑगस्टच्या सुरुवातीलाच ठाण्यात जाऊन एवढे विचारावे की कंपनीला पत्र गेले का, गेले असेल तर त्याचा जावक क्रमांक आणि तारीख काय, आणि त्यात वेळ यूटीसीमध्ये लिहिली आहे का. पत्र गेले नसेल तर त्याच दिवशी स्मरणपत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्यावा.